विश्लेषण : ‘फ्री डायमंड’च्या लिंकवर नेमके काय चोरले जाते? दुहेरी पडताळणी असूनही गेमचे खाते का जाते?

फ्री फायर मॅक्स किंवा बीजीएमआय खेळणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘५००० डायमंड फ्री’, ‘आजच क्लेम करा’ असे मेसेज सतत फिरत असतात. त्यातल्या लिंकवर गेलेल्याचे गेमचे खाते जाते, हे आता बहुतेकांना ऐकून ठाऊक आहे. पण अनेकदा खाते गेमचे जातच नाही. जाते ते घरातल्या फोनवरचे गूगल किंवा फेसबुकचे खाते. ‘आम्ही ओटीपी लावला होता, तरी कसे गेले?’ हा त्यानंतरचा प्रश्न असतो.

गेमच्या खात्याची किल्ली असते कुठे?

फ्री फायर मॅक्स पहिल्यांदा उघडल्यावर गेम नवा पासवर्ड तयार करायला सांगत नाही. गूगल, फेसबुक, एक्स अशी बटणे दिसतात आणि त्यातले एक निवडायचे असते. बीजीएमआयमध्येही साधारण हाच प्रकार आहे. म्हणजे गेम फक्त एवढेच विचारतो, की ‘हा माणूस खरेच या गूगल खात्याचा मालक आहे का?’ गूगलने होकार दिला की दार उघडते. खेळाडूची पातळी, विकत घेतलेले कपडे, बंदुकांचे स्किन हे सगळे गेम कंपनीच्या सर्व्हरवर असले, तरी त्या खोलीची किल्ली गूगल किंवा फेसबुककडे ठेवलेली असते.

यातून दोन गोष्टी निघतात. दुहेरी पडताळणी, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, लावायची ती गेमच्या सेटिंगमध्ये शोधत बसण्यापेक्षा आधी ज्या खात्याने लॉगिन केले आहे त्या खात्यावर. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. आपल्याकडे आठवी-नववीतला मुलगा बहुतेकदा आईच्या किंवा वडिलांच्या फोनवर खेळतो आणि गेमला जोडलेले गूगल खातेही त्यांचेच असते. त्या खात्यात घरातले फोटो असतात, फोन नंबरांची यादी असते, बँकेचे ई-मेल येतात, प्ले स्टोअरवर पैसे भरण्याची सोय जोडलेली असते. डायमंडच्या लिंकवर टाकलेला पासवर्ड या सगळ्याचा असतो.

‘गेस्ट’ म्हणून, कोणतेही खाते न जोडता खेळणाऱ्यांची अडचण उलटी. त्यांचा पासवर्ड चोरायला काही नसतेच, पण फोन बिघडला किंवा रिसेट केला की मालकी सिद्ध करायलाही फारसे काही उरत नाही.

खरी ऑफर आणि खोटी ऑफर इतकी सारखी का दिसते?

कारण खऱ्या ऑफर अस्तित्वात आहेत. गरीना ही कंपनी फ्री फायरसाठी रिडीम कोड काढते; त्यात इंग्रजी मोठी अक्षरे आणि अंक मिळून सहसा १२ खुणा असतात. बीजीएमआयची क्राफ्टन कंपनीही असे कोड देते. हे कोड थोडा काळ चालतात आणि मर्यादित खेळाडूंनाच मिळतात. त्यामुळे ‘लवकर करा, संपतील’ ही घाई खऱ्या ऑफरमध्येही असते. बँकेच्या नावाने आलेल्या मेसेजमधली घाई हे फसवणुकीचे लक्षण मानता येते. गेमच्या बाबतीत ते लक्षण तितके कामाचे राहत नाही. त्यात अनेक वृत्तसंकेतस्थळे ‘आजचे रिडीम कोड’ म्हणून रोज नवी यादी छापतात. त्या यादीतले किती कोड चालतात हा वेगळा विषय, पण रोज कुठूनतरी कोड शोधून कुठेतरी टाकण्याची सवय मुलांना लागते. खोट्या पानाला नेमकी तीच हवी असते.

यात भर पडली ती बंदीच्या गोंधळाची. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने ५४ ॲपवर बंदी घातली, त्यात मूळ फ्री फायर होते. फ्री फायर मॅक्स मात्र सुरू राहिले. बीजीएमआयदेखील जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून हटले आणि मे २०२३ मध्ये परतले. या काळात अनेकांना गेमची फाइल प्ले स्टोअरबाहेरून उतरवून घ्यायची सवय लागली. गेमशी संबंधित अनोळखी लिंक त्यांना आता खटकत नाही.

तरीही एक फरक ठळक आहे. कुणाच्या खात्यात डायमंड टाकायला त्याचा पासवर्ड लागत नाही, फक्त खेळाडू क्रमांक, म्हणजे यूआयडी लागतो. टॉप-अपच्या दुकानात तोच सांगावा लागतो. बीजीएमआयच्या अधिकृत रिडीम पानावरही कॅरेक्टर आयडी, कोड आणि चित्रातली अक्षरे एवढेच मागतात आणि वस्तू गेममधल्या मेलमध्ये येते. मनीऑर्डर पाठवणाऱ्याला आपला पत्ता लागतो, कपाटाची किल्ली लागत नाही, तसेच हे.

गरीनाच्या बाबतीत मात्र हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. `reward.ff.garena.com` हे त्यांचे खरे रिडीम पान गूगल, फेसबुक वगैरेंनी लॉगिन करायला सांगते. फ्री फायरच्या नावाची खोटी पाने चालतात त्यामागे हेही एक कारण आहे, कारण लॉगिन मागणे हे तिथे संशयास्पद वाटत नाही. मग पाहायचे ते लॉगिनचे पान कुणाचे आहे.

सापळा टप्प्याटप्प्याने कसा चालतो?

एक नमुना घेऊ. साताऱ्यातला नववीतला मुलगा आईच्या फोनवर खेळतो, असे समजा. रात्री नऊ वाजता त्याच्याच गिल्डमधल्या मित्राच्या नंबरवरून मेसेज येतो : ‘भाई, मला मिळाले, तू पण घे’. मित्राचे खाते दुपारीच गेलेले असते आणि हा मेसेज त्याने लिहिलेलाच नसतो. किंवा लिहिलेला असतो, कारण ‘१० जणांना पाठवा, मग डायमंड सुटतील’ अशी अट पानावर होती.

लिंक उघडते. गेमचेच चित्र, गेमचाच आवाज. आधी फक्त यूआयडी विचारला जातो. तो टाकताच पानावर मुलाचे गेममधले नाव, त्यातल्या नक्षीदार अक्षरांसकट, झळकते. इथे बहुतेकांचा विश्वास बसतो. प्रत्यक्षात यूआयडीवरून नाव कळणे ही गुप्त बाब नाही. टॉप-अपची दुकानेही क्रमांक टाकल्यावर नाव दाखवतात, म्हणजे पैसे चुकीच्या खेळाडूला जाऊ नयेत. खोटे पान तीच माहिती तिथून उचलून दाखवते.

मग बक्षीस निवडायचे, आणि ‘खाते पडताळा’ म्हणून गूगल किंवा फेसबुकचे बटण दाबायचे. आता जी चौकट उघडते ती हुबेहूब गूगलसारखी असते. मुलगा आईचा ई-मेल आणि पासवर्ड टाकतो. आईने दुहेरी पडताळणी लावलेली आहे. काही सेकंदांत तिच्या फोनवर एसएमएस येतो, त्यात `G-` पासून सुरू होणारा सहा अंकी कोड असतो. पान म्हणते, ‘डायमंड जमा करण्यासाठी आलेला कोड टाका’. मुलगा तो टाकतो. ‘अभिनंदन, २४ तासांत डायमंड जमा होतील’ असे येते. ते २४ तास चोराला हवे असतात. तोवर घरात कुणी ओरडत नाही.

पडद्यामागे घडते ते असे. मुलाने पासवर्ड टाकताच समोरच्या माणसाने, किंवा त्याच्या प्रोग्रॅमने, तोच पासवर्ड खऱ्या गूगलच्या पानावर टाकला. गूगलला नवीन ठिकाणाहून लॉगिन दिसले म्हणून त्याने खऱ्या मालकिणीच्या फोनवर खरा कोड पाठवला. मुलाने तो खोट्या पानावर लिहिला, तिथून तो खऱ्या पानावर गेला. कोड गूगलचाच होता, पाठवणाराही गूगलच होता. फक्त तो मागणारा दुसरा होता. ‘ओटीपी खरा आला म्हणजे साइट खरी असणार’ हा समज इथेच उलटा पडतो. चोराला खरा कोड हवाच असतो, आणि तो देण्याचे काम गूगल करते.

त्या एसएमएसमध्ये एक खूण मात्र होती. पान डायमंड देत होते आणि मेसेज गूगलच्या पडताळणी कोडचा होता. कोड ज्या कंपनीच्या नावाने आला, कुलूप त्या कंपनीचे उघडते. ‘डायमंड जमा करण्याचा’ असा कोणताही कोड गूगल पाठवत नाही.

मग दुहेरी पडताळणीचा उपयोग काय?

उपयोग मोठा आहे, पण तो नेमका कुठे संपतो हे माहीत असायला हवे. पासवर्ड दुसऱ्या एखाद्या साइटवरून फुटला असेल, सगळीकडे एकच ठेवला असेल, किंवा वर्गातल्या कुणी मागून पाहिला असेल, तर दुसरी पायरी चोराला दारातच अडवते. नमुन्यातला मुलगा पासवर्डवरच थांबला असता आणि कोड टाकला नसता, तरी खाते वाचले असते. (पासवर्ड मात्र लगेच बदलावा लागला असता.)

पण दुसऱ्या पायरीचे प्रकार सारखे नाहीत. एसएमएसचा कोड सर्वात सोयीचा आणि सर्वात कमकुवत. तो लॉक केलेल्या फोनच्या पडद्यावरही दिसू शकतो. मेसेज वाचण्याची परवानगी घेतलेले एखादे ॲप तो उचलू शकते. आणि कुणी आपल्या नंबरचे दुसरे सिम काढले तर तो थेट त्याच्याकडे जातो. ऑथेंटिकेटर ॲपमध्ये यातले बरेच टळते. क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त मूल्य फोनमध्ये साठते. ते मूल्य आणि घड्याळातली वेळ यांच्या गणितातून दर ३० सेकंदांनी नवा सहा अंकी कोड तयार होतो, त्यासाठी नेटवर्कही लागत नाही. पण वर सांगितलेल्या सापळ्यात हा कोडही एसएमएसइतकाच निरुपयोगी ठरतो, कारण मुलगा तो स्वतःच लिहून देतो आणि पोहोचवायला ३० सेकंद पुरेसे असतात. फोनवर ‘तुम्हीच लॉगिन करत आहात का?’ असे विचारणाऱ्या सूचनेचेही तसेच; डायमंडच्या नादात ‘हो’ दाबले जाते.

या सापळ्याला उत्तर आहे ते पासकीचे. गूगलने मे २०२३ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. यात पाठ करायचे किंवा टाइप करायचे काही नसते. फोनमध्ये एक खासगी किल्ली साठवलेली असते आणि ती बोटाच्या ठशाने किंवा स्क्रीन लॉकने वापरता येते. महत्त्वाचे म्हणजे ही किल्ली एका वेब पत्त्याशी बांधलेली असते. गूगलसाठी बनवलेली पासकी खोट्या पत्त्यावर फोन देऊच शकत नाही, पान कितीही हुबेहूब असले तरी. माणसाचा डोळा फसतो. फोन चित्र पाहत नाही, पत्ता पाहतो.

तिलाही मर्यादा आहेत. पासकी असतानाच एसएमएसचा पर्याय चालू ठेवला, तर खोटे पान ‘दुसऱ्या पद्धतीने पडताळा’ म्हणून पुन्हा कोडच मागेल. आणि आईच्या फोनचा पिन मुलाला माहीत असेल तर पासकीही त्याच्या हातात आहेच. या दुसऱ्या अडचणीवर तांत्रिक उपाय शोधण्यापेक्षा गेमसाठी वेगळे गूगल खाते काढणे सोपे. एका अँड्रॉइड फोनवर अनेक खाती ठेवता येतात. १३ वर्षांखालील मुलांसाठी फॅमिली लिंकमधून, पालकांच्या देखरेखीखाली खाते उघडता येते. जे आधीच आईच्या खात्यावर दोन-तीन वर्षे खेळले आहेत त्यांना गेममधले सगळे उचलून दुसऱ्या खात्यावर नेणे सहज जमत नाही. त्यांनी आहे त्याच खात्याचे कुलूप पक्के करावे.

कुलूप लावायचे कसे?

गूगलसाठी `myaccount.google.com/security` उघडावे किंवा फोनच्या सेटिंगमधून गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ भागात जावे. आधी रिकव्हरी फोन नंबर आणि रिकव्हरी ई-मेल अजून आपलेच आहेत ना ते पाहावे. जुना, बंद झालेला नंबर तिथे राहून गेलेला असू शकतो. मग ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करावे, पासकी तयार करावी आणि सोबत ऑथेंटिकेटर ॲप जोडावे. ते दोन्ही चालतात याची खात्री झाल्यावर एसएमएसचा पर्याय काढता येतो.

त्याआधी बॅकअप कोड मात्र घ्यावेतच. गूगल एका वेळी १० कोड देते, प्रत्येक आठ अंकी आणि प्रत्येक एकदाच चालणारा. फोन हरवला किंवा पाण्यात पडला तर हेच कामी येतात. त्यांचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोनच्या गॅलरीत ठेवण्यात अर्थ नाही. कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावेत.

फेसबुकने लॉगिन करणाऱ्यांनी फेसबुकच्या सेटिंगमध्ये ‘अकाउंट्स सेंटर’, त्यात ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’ आणि तिथे ‘टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन’ असा मार्ग घ्यावा. अनेकांनी गेमपुरते फेसबुक काढलेले असते. त्याचा ई-मेल कोणता होता हेही आता आठवत नसते. खाते परत मिळवताना तीच पहिली अडचण होते, म्हणून तो ई-मेल आजच तपासून घेतलेला बरा.

लॉगिनचे पान खोटे आहे हे कसे ओळखायचे?

सर्वात उपयोगी खूण अशी : अँड्रॉइड फोनवर गूगल खाते आधीच चालू असते. त्यामुळे खरे ‘गूगलने लॉगिन करा’ बटण सहसा खात्यांची यादी दाखवते आणि त्यातले एक निवडायला सांगते. पासवर्ड मागत नाही. फोनवर खाते चालू असतानाही एखादे पान ई-मेल आणि पासवर्ड दोन्ही नव्याने टाइप करायला लावत असेल, तर तिथेच थांबावे. फेसबुकचे ॲप फोनवर असेल तर तिथेही सहसा असाच अनुभव येतो.

दुसरी खूण पत्त्याची. `https://` नंतरचा भाग पहिल्या तिरक्या रेषेपर्यंत घ्यायचा आणि उजवीकडून डावीकडे वाचायचा. `reward.ff.garena.com` मध्ये शेवटी `garena.com` आहे, म्हणून ते गरीनाचे. पण `garena.com.diamond-claim.example` असा पत्ता असेल (`.example` हा इथे केवळ नमुना म्हणून), तर त्याचा मालक `diamond-claim.example` घेणारा आहे. पुढे लावलेले `garena.com` ही नुसती पाटी. पत्त्याजवळ दिसणाऱ्या कुलपाच्या खुणेने काही सिद्ध होत नाही. ते फक्त दोघांमधला संवाद तिसऱ्याला वाचता येत नाही एवढेच सांगते. समोरचा चोर असला तरी कुलूप दिसते.

संगणकावर खेळणाऱ्यांसाठी एक विशेष प्रकार आहे. २०२२ पासून चर्चेत आलेल्या एका युक्तीत लॉगिनची वेगळी खिडकी उघडत नाही, तर तिचे चित्र पानाच्या आतच काढलेले असते, वरच्या बनावट पत्त्याच्या पट्टीसकट. त्या पट्टीत अगदी अचूक पत्ता लिहिलेला दिसतो, कारण ते नुसते चित्र असते. स्टीमच्या खेळाडूंना अशा पानांनी विशेष लक्ष्य केले. तपासणी सोपी आहे : ती खिडकी माउसने पकडून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून पाहावी. खरी खिडकी बाहेर येते, काढलेली पानाच्या कडेलाच अडते. ब्राउझरने साठवलेला पासवर्ड नेहमीसारखा आपोआप भरला गेला नाही, तर तोही इशाराच समजावा.

‘अनलिमिटेड डायमंड’ देणाऱ्या मॉड फाइलचा प्रकार याहून वाईट. तिथे पान नसते, ॲपच असते. ते मेसेज वाचण्याची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मिळवते आणि फोनच्या आतूनच काम करते. दाराला कितीही कुलपे लावली तरी चोर घरात असल्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही.

पासवर्ड टाकून झाला असेल तर?

वेळ मिनिटांत मोजायची असते. ज्या फोनवर खाते अजून चालू आहे, तो फोन लॉगआउट करू नये. तो आता मालकीचा सर्वात भक्कम पुरावा आहे. त्याच फोनवरून आधी पासवर्ड बदलावा, त्यामुळे इतर बहुतेक ठिकाणची लॉगिन तुटतात. मग ‘युअर डिव्हायसेस’ यादीत अनोळखी फोन किंवा संगणक दिसला तर तो काढावा. रिकव्हरी नंबर, रिकव्हरी ई-मेल, पासकी आणि ऑथेंटिकेटर या चारही जागी चोराने स्वतःचे काही जोडले नाही ना, हे पाहणे सर्वात महत्त्वाचे. चोरही खात्यावर दुहेरी पडताळणी लावतो; तशी लावून झाल्यावर खरा मालकच बाहेर राहतो. जीमेलच्या सेटिंगमध्ये मेल दुसरीकडे पाठवण्याचा नियम लावला आहे का, हेही बघावे.

पासवर्ड आधीच बदलला गेला असेल तर गूगलसाठी `g.co/recover` आणि फेसबुकसाठी `facebook.com/hacked` हे मार्ग आहेत. हा प्रयत्न नेहमीच्या फोनवरून आणि नेहमीच्या वायफायवरून करावा, कारण ओळखीचे उपकरण आणि ठिकाण मोजले जाते. रिकव्हरी ई-मेल किंवा नंबर बदलला गेला तरी गूगल सात दिवसांपर्यंत जुन्यावर कोड घेण्याचा पर्याय देऊ शकते. ‘२४ तास थांबा, डायमंड येतील’ म्हणून थांबलेल्यांचे त्यातले पहिले दिवस वाया जातात.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढे सरकण्याआधी ती रोखता येण्याची शक्यता तेव्हाच असते. पैसे गेले नसले तरी `cybercrime.gov.in` वर तक्रार करता येते. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीच्या हेतूने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली आणि संगणकाच्या साह्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा ६६ ड खाली गुन्हा आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गेम कंपनीकडे तक्रार करताना यूआयडी आणि आधीच्या टॉप-अपच्या पावत्या द्याव्यात. पावत्या प्ले स्टोअरच्या ऑर्डर हिस्ट्रीत असतात, म्हणून आधी गूगल खाते परत मिळवावे लागते.

त्याच वेळी गिल्डच्या ग्रुपवर आवाजी संदेश टाकून, लिहून नव्हे, कळवावे की आपल्या नावाने आलेली लिंक उघडू नका. लिहिलेल्या मेसेजवर आता ग्रुपमधले कुणी विश्वास ठेवायचे कारण नाही. मुलाचा आवाज मित्र ओळखतात.